राजाने विचारलं नाही

दारव्ह्याच्या नानाजींचं सोयरिकीचं पत्र येऊन महिना झाला, तरी पुंडलिकने उत्तर दिलं नव्हतं. त्यांची मुलगी विमल त्याच्या मनात भरली होती. पण यवतमाळच्या बाजारात ती त्याच्या वर्गातल्या, दारव्ह्याच्याच खेमसिंगशी हसून बोलताना दिसली, आणि तेव्हापासून याचा जीव जळत होता.

त्याच धगीत त्याने बी.ए.ला लावलेल्या नाटकातल्या राजावर निबंध लिहिला. "राजाचा नाश दैवाने केला नाही, कपटी सेनापतीनेही नाही. ज्या मानी स्वभावाच्या बळावर तो लढाया जिंकला, तोच त्याचा दोष ठरला. राणीला एक शब्द विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं. संशयालाच पुरावा मानून त्याने तिला हाकललं, आणि सत्य कळलं तेव्हा तिची चिता विझली होती."

सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. बाहेर येताच खेमसिंगने पुंडलिकचा हात धरला.

"मस्त लिवलं बे! आता मले इचार ना, इमल त्या दिवशी तुयाबद्दल काय म्हनत होती ते."

"मी कायले इचारू?" पुंडलिकने हात सोडवून घेतला.



आणि तडक पोस्टात जाऊन नानाजींना नकाराचं कार्ड लिहून पेटीत टाकलं.