सरपंचांचं जादा मत

१९३५च्या जानेवारीत, होटगीजवळच्या एका गावात नवे सरपंच धुळाप्पा चावडीवर पहिलंच अंदाजपत्रक मांडत होते. घरपट्टीतून दिवाबत्ती आणि झाडलोट भागवून एकाच कामापुरती रक्कम उरत होती. पायविहिरीच्या पायऱ्या बुजवून रहाट बसवायचा, की पडकी वेस बांधायची, यावरून भांडण पेटलं.

“पान्यात पाय बुडवून घागरी भरत्यात, म्हनून गावभर नारू हाय!” धुळाप्पा ओरडले.

“नारू आज्याच्या काळापासनं हाय. त्यानं कुनी मरतंय व्हय?” वेशीवाल्यांचे म्होरके आबासाहेब बसल्या जागेवरून गरजले. “गावाची अब्रू वेशीत असती!”

पंचांनी हात वर केले. मतं पडली चार-चार. अशा वेळी कायद्यानं सरपंचांना जादा मत असतं. धुळाप्पांनी ते विहिरीला दिलं.

“आमी तुला सरपंच केला की रं! त्येची ही फेड?”

धुळाप्पांचा पारा चढला. “आबासाहेब, सभेत बोलायचं तर उभं राहून बोला!”


आबासाहेब उठलेच नाहीत. उपरण्याखाली झाकलेल्या त्यांच्या घोट्यातून नारूचा किडा अर्धाच बाहेर आला होता, आणि तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळून ठेवला होता.