मास्तरांचं कपाळ

उभं

सकाळी त्याला खिडकीजवळच्या आरशासमोर बसवलं, की म्हातारा पहिला प्रश्न विचारायचा: हे गृहस्थ कोण? कपाळ कोरं असेपर्यंत आरशातला माणूस परका. टिळा लागला की ओळख पटायची, मान हलायची, दिवस सुरू व्हायचा.

बायकोची ओळख मात्र टिळा लागूनही पटत नसे. "बाई, तुम्ही जेवलात का?" असं तो अदबीनं विचारायचा. जन्मभर ज्यानं 'अगं'शिवाय हाक मारली नाही, त्यानं.

टिळा आता तीच लावायची. गोपीचंदनाचा खडा पाण्याच्या थेंबात तळहातावर उगाळायचा. बोट नाकाच्या मुळाशी टेकवून खालून वर न्यायचं, केसांपर्यंत. शेजारी तशीच दुसरी रेघ. मधली जागा मोकळी सोडायची. दोन रेघा म्हणजे विष्णूचं पाऊल आणि मधल्या मोकळ्या जागेत लक्ष्मी राहते, असं त्याच्या घरचं सांगणं. उभ्या टिळ्यातही पुन्हा तऱ्हा. कुणाचा भुवयांमधे थांबतो, कुणाचा नाकावर उतरतो, आणि त्या बोटभर जागेवरून सख्खे शेजारी अबोला धरतात. तो हसायचा त्याला. इमारतींचे नकाशे काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. म्हणायचा, रेघ कुठे थांबवायची यावरूनच सगळी भांडणं.

आडवं

त्या सकाळी तिच्या डोळ्यांवर झोप होती. उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा. पडदा हलत होता की भिंत, तेही कळेना. तिनं बोट चंदनात बुडवलं, पण एक नव्हे. हात आपल्या मनानं निघाला. मधलं बोट आणि अनामिका त्याच्या डाव्या भुवईवरून उजवीकडे गेली, दोन रेघा मागे ठेवत. मग त्या दोन रेघांच्या मधून अंगठा उलट आला, उजवीकडून डावीकडे.

तीन आडव्या रेघा.

वडिलांची बोटं आखडली तेव्हा लहानपणी ती रोज त्यांच्या कपाळावर असंच भस्म ओढायची. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. पक्के शैव. शेवटी राखच उरायची आहे, ती आधीपासून कपाळावर असलेली बरी, असं म्हणायचे. आणि उभ्या टिळ्याचा जावई आपला उंबरा ओलांडणार नाही, असंही. ओलांडला नाही. तो मागणी घालायला गेलाच नाही, मास्तर लग्नाला आले नाहीत. दोन्ही कपाळं ताठ. ती तेवढी मधून निघून आली, कपाळावरच्या कुंकवासकट. कुंकू दोन्ही घरांत गोलच होतं.

चंदन वाळलं, फिकट झालं. अगदी राखेसारखं दिसू लागलं. आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ओलं फडकं उचललं.

पण तो आरशात बघत होता. हे गृहस्थ कोण, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पसरलेले पाय जवळ घेतले. घसा खाकरला.

"मास्तर," तो म्हणाला.

फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मग तो बराच वेळ बोलला, थांबत थांबत, एखादं पोर पाठ केलेलं म्हणून दाखवतं तसं. आधीच यायला हवं होतं, धीर झाला नाही. नोकरी कायमची आहे. स्वभाव तापट आहे, पण ताप उतरतो लवकर. तुमची मुलगी हसते तेव्हा आधी हात तोंडावर नेते, हे मला माहीत आहे, तुम्हालाही असेल. आरशातले मास्तर ऐकत होते. त्याचे ओठ हलत तसे त्यांचेही हलत, जणू तेही काही म्हणायला बघत होते आणि त्यांनाही धीर होत नव्हता.

"मुलगी द्या मला," तो म्हणाला. "टिळ्यापायी अडत असेल, तर हा घ्या."

कोरं

त्यानं हात वर नेला. तळव्यानं कपाळ घासलं, एकदा, पुन्हा एकदा, कातडी लाल होईपर्यंत. चंदनाची पूड भुवयांवर झरली, पापण्यांवर बसली. मग त्यानं हात खाली घेतला आणि समोर बघत राहिला. खोलीत बाहेरच्या कुठल्याशा सायकलची घंटा येऊन गेली.

तो वळला. तिच्याकडे बघितलं, वर, तोंडावर गेलेल्या तिच्या हाताकडे.

"अगं," तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्यांनीही पुसला."