दुपारची झोप

“अम्मांना तुमच्या भावाकडं, मुज्तबाभाईकडं नांदेडला पाठवू,” बिलकीस नवऱ्याला म्हणाली. “ते गाडी पाठवतो म्हणालेत. अम्मांच्या खोलीत क्लासला आलेल्या दोन पोरी भाड्यानं राहतील. लातुरात आता रिकामी खोली कोन ठेवून राहिलंय?”

चांदपाशा चपला घालता घालता थांबला. “अम्मांना इचारलंस?”

“त्यांनी मला कवा इचारलं? भूकंपाच्या वक्ताला आपला बिलाल चार महिन्यांचा. अन् ह्या दुपारभर झोपून. लिहून ठेवलंय मी.”

लग्नापासून ती रोज एक ओळ लिहायची. सिमेंटच्या दुकानातून दरसाल फुकट मिळणारी डायरी, एका पानावर एक आठवडा. तारखेपुढं मावेल तेवढंच लिहायचं आणि मिटून ठेवायचं. मागचं तिनं कधी वाचलं नव्हतं. आज तिनं पेटीच्या तळातून त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णवच्या डायऱ्या काढल्या आणि उभ्यानंच पानं उलटली.

“हे बघा, नोव्हेंबर. ‘अम्मा दुपारी झोपल्या. धुणं, भांडी, पोरगं, सगळं माझ्यावर.’” बोट खाली सरकलं. “‘आजही झोपल्या.’ ‘आजही.’”

“त्याच्या आधी काय हाय?”

“‘थंडी वाढली. महिनाभर बाहेर काढला, आज घरात, मातीच्या माळवदाखाली झोपलो. अम्मा अंगणातच. हट्टी बाई.’” तिनं पान उलटलं. “‘पहाटे धक्का. अम्मांनी हाक मारली, बिलालला घेऊन पळाले.’ ‘रात्री पाणी प्यायला उठले. अम्मा दाराशी बसलेल्या.’ ‘अम्मा दुपारी झोपल्या.’”

आवाज उतरला. एप्रिलपर्यंत ती नुसती ओठ हलवत गेली.

“‘उकाडा. आजपासून सगळे अंगणात.’” पुढच्या पानांवर दुपारच्या झोपेची एकही ओळ नव्हती. अम्मांनी शेवया केल्या होत्या, गोधडी शिवली होती, बिलालला न्हाऊ घातलं होतं. मग जून आला. “‘पाऊस. आत झोपायला आलो. अम्मा दाराशी.’” त्याच्याखाली दुसऱ्याच दिवशीची ओळ होती. “‘अम्मा पुन्हा दुपारी झोपायला लागल्या. राग आला.’”

बिलकीस खाली बसली. चांदपाशानं पायातल्या चपला काढून ठेवल्या.

थोड्या वेळानं तिनंच नांदेडला फोन लावला. “मुज्तबाभाई, गाडी पाठवू नका. अम्मा येत न्हाईत. पोरींच्या कॉटा पुढच्या खोलीत टाकू.”

अंगणात तिची सासू हुस्नाबी मेथी निवडत होत्या. बिलकीसनं समोर बसून एक जुडी सोडली.

“अम्मा, भूकंपानंतर तुम्ही रात्रभर जागत होता?”

“कोन तरी जागं पायजे होतं. जमीन हलली की हाक मारायला.”

“मग सांगायचं तरी! मी मनात लई राग धरला तुमचा.”

“सांगितलं असतं तर तू पन येऊन बसली असतीस माझ्याजवळ,” म्हातारी मेथीचं देठ मोडत म्हणाली. “अन् न झोपता बाईला दूध येतं का, बेटा?”