न लावलेला दिवा

सासूबाई कोनाड्यातल्या दिव्यासमोर काडेपेटी घेऊन नुसत्या उभ्या होत्या. दिवा घासूनपुसून लख्ख, वात तेलात भिजलेली, काडी चिमटीत. पण हात काही हलेना. दारातून सून बघत होती. दिवस बुडाला होता आणि खोलीत अंधारून आलं होतं.

“संपलं रे सगळं,” ती नवऱ्याला फोनवर कुजबुजली. सर्दीनं तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. “आई दिवाही विसरल्या. ये तू फॉर्म घेऊन.”

विसराळू म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म होता तो. महिनाभर नवऱ्याच्या बॅगेत पडून होता. मंगळवारी आईनं शेगडीचं बटण उघडं ठेवलं, तरी त्याचा हात सहीला धजला नाही. “माझं नाव विसरू दे, जेवली की नाही ते विसरू दे,” तो म्हणाला होता, “ज्या दिवशी दिवा विसरेल, त्या दिवशी बघू.” कारण दिवा म्हणजे आईचा प्राण. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं तिनं, आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिला धडा दिव्याचा.

सुनेला तो धडा तोंडपाठ होता. दिवसातून तीनदा ऐकल्यावर भिंतीलाही पाठ होईल! ‘कुठल्याही धर्माच्या दारात जा, आत ज्योत सापडेल. कुणी देवापुढं लावतं, कुणी ग्रंथापुढं अखंड तेवत ठेवतं, कुणी पिढ्यान्‌पिढ्या अग्नी विझू देत नाही, कुणी अंधारात मेणबत्तीनं शेजाऱ्याची मेणबत्ती पेटवतं. कुणाच्या ग्रंथात देवाचा प्रकाश म्हणजे कोनाड्यात, काचेआड ठेवलेला दिवा. एकमेकांना न विचारता सगळ्यांनी ज्ञानाला प्रकाशच का म्हटलं? तर अंधारात खुर्ची असते, पण आपण तिला ठेचकाळतो. दिवा खोलीत नवीन काही आणत नाही. जे आहे ते दाखवतो. ज्ञानाचंही तेच. आणि एका दिव्यानं शंभर लावले तरी पहिल्याचं काही कमी होत नाही. तेल म्हणजे आपली हाव, वात म्हणजे आपला मीपणा. दोन्ही जळतील तेवढाच उजेड. पणती तिरकी धरा, ज्योत वरच जाणार.’

सुनेचं नाव त्यांना आठवत नसे, पण यातला एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आज मात्र तोंडून अवाक्षर नाही. नाक वर करून, भरल्या घरात शिरलेल्या मांजरासारखा त्या कसला तरी माग काढत होत्या.

सुनेची कितीही चिडचिड झाली तरी याच बाईंनी तिला बाळंतपणात आईसारखं जपलं होतं. ती जवळ गेली. “आई, लावा ना दिवा. मी लावू का?”

“दिवा नको.” सासूबाई अडखळल्या. “ते... ते निळं... ते आपलं...” शब्द सापडेना. डोळ्यांत पाणी आलं. “अगं, ते निळं गेलंय!”

“बरं बरं, गेलं तर गेलं,” सून लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. “अंधार झालाय, आधी लाइट लावते.” आणि ती बटणाकडे वळली.

सासूबाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. काडेपेटी खिडकीबाहेर भिरकावली. “बटणाला हात लावशील तर खबरदार!” आवाज थेट वर्गातला. “चल बाहेर! दार उघड, सताड!”

आता तर ठार वेड लागलं, सुनेला वाटलं, आणि ती घाबरून दाराकडे धावली. तिनं दार उघडलं. मागं वळून बघते, तर सासूबाई पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात शिरलेल्या. त्यांनी शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडरचं बंद केलं, खिडकीची दोन्ही दारं ढकलली.

शेगडीवर पातेलं होतं. उतू गेलेल्या पाण्यानं निळी ज्योत केव्हाच विझली होती, आणि गॅस सुटतच राहिला होता. पातेलं सुनेचं होतं. सर्दीसाठी वाफ घ्यायला तिनंच पाणी ठेवलं होतं, आणि चोंदलेल्या नाकाला कसला वास येणार? ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली. मग तिला आठवलं. सर्दी सोमवारपासून होती. मंगळवारीही शेगडीवर तिचंच वाफेचं पाणी होतं.

“आई, मंगळवारी...” ती सांगू लागली. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. तिचं नाव त्यांना आताही आठवत नव्हतं. त्यांनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

अर्ध्या तासानं नवरा आला. दारं-खिडक्या सताड उघड्या, घरात काळोख, दोघी पायरीवर. त्याच्या हातात फॉर्म होता. कोनाड्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे खरंच... आईनं दिवा लावला नाही?”

“नाही लावला,” सुनेनं त्याच्या हातातून फॉर्म काढून घेतला. “म्हणून तर तुला आम्ही दोघी दिसतोय.”