जावईराव

सासऱ्यांच्या ‘जावईराव’मधला ‘रा’ लग्नात आखूड होता. आता तो घरजावयाच्या दोन्ही चपला काढून होईपर्यंत पुरतो. पाहुण्यांसमोर मात्र तोच शब्द पुन्हा आखडतो, जुन्या वळणाचा, मानाचा होतो. मित्रांच्या ‘काय राव’मध्ये माया असते, कचेरीतल्या पत्रातलं ‘जी’ नुसतं कोरडं. पण हा लांबलेला ‘राव’ थेट चपराकच. नवराबायकोने भाड्याने ठरवलेल्या खोलीची किल्ली महिनाभर त्याच्या खिशात होती. सांगायला जीभ रेटत नव्हती. संध्याकाळी तो दारात येताच सासरे म्हणाले, “या जावईराऽऽव! नळ कालपासून गळतोय, पण आपली स्वारी दमली असेल, नाही का?” “बाबा, पुरे झाले टोमणे आता,” बायको वैतागली. “टोमणा कसला? चांगला ‘राव’ लावतोय की!” त्याने चपला काढल्याच नाहीत. खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. “बाबा, एक तारखेपासून आम्ही दोघं वेगळं राहणार आहोत.”