झाकलेला ठोका

देव्हाऱ्याशेजारच्या छोट्या दिव्यात मंगळावर गेलेल्या ऋजुताच्या काळजाचे ठोके लुकलुकत. मालिनीबाई जप करताना मण्यामण्याला तिकडे बघत. बघितलं की जीव क्षणभर निवायचा, मग दुप्पट कासावीस व्हायचा.

आज समुपदेशक बाईंनी घालून दिलेल्या नेमाप्रमाणे त्यांनी दिव्यावर वस्त्र घातलं. आरतीपर्यंत उघडायचं नाही.

"अहो, बरी असेल ना आपली लेक?"

"माहीत नाही," यजमान म्हणाले. धीर द्यायचा नाही, हे त्यांनाही शिकवलं होतं. "चहा टाकू?"

"एखादा शब्द तरी चांगला बोला."

"बोललो की घटकाभराने परत विचारतेस."

मालिनीबाईंच्या छातीतली धडधड चढत गेली. वस्त्राकडे गेलेला हात त्यांनी मांडीवर आणून ठेवला. काही झालं असेल, नसेलही. तो प्रश्न त्यांनी तसाच राहू दिला. हळूहळू धडधड आपणहून उतरली. खुशाली कळली नव्हती. न कळताही बसता येतं, एवढं कळलं.

भीती ओसरल्यावर मनाच्या तळाशी ऋजुता होती, नैवेद्याआधीच शिऱ्यातला काजू पळवणारी. दिव्याकडे बघताना ती कधी आठवलीच नव्हती.

आरती झाली. यजमानांनी वस्त्राकडे बोट दाखवलं.

मालिनीबाईंनी शिऱ्यातला एक काजू बाजूला काढला. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "अजून थोडं बसते तिच्याजवळ."