माझ्यापुरतं डिलीट

फोन भरला म्हणून दुकानदाराने गल्ल्यावर बसल्या बसल्या चॅट झाडून काढलं, आणि त्या झाडण्यात मांजरही गेलं.

मांजर म्हणजे दार आपटू नये म्हणून लावायचं, वाळू भरलेलं, कापडी. बायकोने शिवलेलं पहिलंच. ते कालच विकलं गेलं, आणि त्याचा एकुलता एक फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी छापखान्यात द्यायचा होता. संध्याकाळी छापखाना बंद व्हायच्या आत. आता गॅलरीतही नाही, चॅटमध्येही नाही. आपल्या चॅटमधून गेला म्हणजे सगळ्यांचाच गेला, असा त्याचा पक्का समज!

पण कॅमेऱ्यात असेल. फोटो काढणाऱ्या मित्राला त्याने लिहायला घेतलं. मेसेज कसला, चांगलं पत्रच:

‘प्रिय मित्रास, सप्रेम नमस्कार. माझ्या हातून मांजराचा फोटो डिलीट झाला. कृपा करून परत पाठव, पण मागच्यासारखाच डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवलास की चॅट त्याला आवळतं आणि छापल्यावर मिशाच दिसत नाहीत. हिला मात्र कळू देऊ नकोस. पंधरा दिवस खपली आहे रे त्या मांजरापायी. तोंडावर बोलायला मला जमत नाही, पण इतकी देखणी वस्तू आपल्या दुकानात कधी आली नव्हती. खरं सांगू? काल ते विकलं गेलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.’

पाठवलं. दुकानाच्या मागच्या पडद्याआड बायको शिवत बसली होती, तिथे टिंग झालं.

दुकानदाराने दचकून फोनकडे पाहिलं. वर नाव होतं ‘मांजर’. तिघांचा ग्रुप! मित्र, तो आणि ही.

मेसेजखालच्या टिकखुणा अजून करड्याच होत्या. म्हणजे कुणी वाचलं नाही, त्याने मनाची समजूत घातली. पण ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत, हे त्याला कुठे ठाऊक? घाईघाईने पत्र दाबून धरलं, ‘माझ्यापुरतं डिलीट’वर बोट टेकवलं. गेलं. हुश्श!

पडद्यामागे शिलाई मशीन थांबलं होतं. बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

मग त्याचा फोन वाजला. मांजर! डॉक्युमेंट म्हणून आलेलं, एकेका मिशीसकट. पाठवणारी ही.

“अगं, तुझ्याकडे कसा?”

“तुम्ही फक्त तुमच्या फोनमधून काढला होता. बाकीच्यांचा कशाला जाईल?” पडद्याआडून आवाज आला. हसू दाबलेला.

“म्हणजे माझं पत्रसुद्धा…?”

“आहे की. पाचव्यांदा वाचतेय.”

दुकानदाराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “अगं, काढून टाक ना ते!”

“फोटो पाठवा आधी छापखान्यात,” ती म्हणाली. “पत्र राहू दे माझ्यापुरतं.”

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.